प्रमोशननंतरचं नवं बेसिक स्वतः कसं काढायचं: टेक्निशियन-२ ते टेक्निशियन-१ चं उदाहरण

प्रमोशनची ऑर्डर हातात पडली की पेढे आधी वाटले जातात आणि बेसिक किती झालं हे पुढच्या महिन्याच्या पे स्लिपवरूनच कळतं. मधल्या काळात ऑप्शनचा, म्हणजे नवं वेतन कोणत्या तारखेपासून ठरवायचं हे निवडण्याचा, एक कागद भरून द्यायचा असतो. तो भरला नाही तरी कोणी विचारायला येत नाही. पण त्या कागदावर पुढची कित्येक वर्षं दरमहा हजार रुपयांचा फरक पडू शकतो. मी रेल्वेच्या वर्कशॉपमधून टेक्निशियन-२ चा टेक्निशियन-१ झालो, तेव्हा हे सगळं नियम वाचत आणि बिल क्लार्कला विचारत शिकलो. ते इथे क्रमाने मांडतो.

उदाहरण रेल्वेचं आहे, पण सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यावर असलेल्या केंद्र सरकारच्या बाकीच्या खात्यांतही पद्धत हीच. इतर खात्यांत ज्याला एफआर २२ म्हणतात, तोच रेल्वेच्या आस्थापना संहितेतला नियम १३१३. त्याच्या जोडीला २०१६ च्या सुधारित वेतन नियमांमधला नियम १३ असतो. महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना २०१९ चे सुधारित वेतन नियम लागतात आणि त्यांच्या लेव्हल एस-८, एस-१० अशा लिहिल्या जातात. आकडे बरेचसे जुळतात, पण ऑप्शनच्या आणि तारखांच्या बाबतीत त्यांनी आपल्या आस्थापना शाखेचेच नियम बघावेत. माझं गणित तसंच्या तसं उचलू नये.

१. आधी हे कागद जमवा

- प्रमोशनची ऑर्डर. ऑप्शन देण्याबद्दलची ओळ तिच्यात आहे का ते पाहा; ती असायला हवी.
- नव्या पदावर हजर झाल्याचा रिपोर्ट. नवं वेतन प्रत्यक्ष पदभार घेतल्याच्या तारखेपासून सुरू होतं, ऑर्डरवरच्या तारखेपासून नाही.
- प्रमोशनच्या आधीच्या महिन्याची पे स्लिप. तिच्यावर लेव्हल, बेसिक आणि पुढच्या वेतनवाढीची तारीख (हिलाच सगळे डीएनआय म्हणतात) नीट वाचा.
- पे मॅट्रिक्सचं पान, निदान तुमची जुनी आणि नवी लेव्हल तरी.
- सर्व्हिस रेकॉर्डमधली शेवटची वेतनवाढ आणि एमएसीपी मिळाला असल्यास त्याची नोंद.

शेवटचा मुद्दा बहुतेक जण सोडून देतात. दहा वर्षं एकाच लेव्हलमध्ये काढल्यावर एमएसीपीने वरची लेव्हल मिळालेली असेल आणि आता त्याच लेव्हलच्या पदावर प्रमोशन झालं असेल, तर पुन्हा वेतनवाढ मिळत नाही. फायदा एकदाच, आणि तो तुम्ही आधीच घेतलेला असतो. तुमची केस अशी असेल तर खालचं गणित तुमच्यासाठी नाही. थेट पर्सनल ब्रांचमध्ये विचारा.

२. दोन लेव्हलचे आकडे शेजारी शेजारी लिहा

मॅट्रिक्समध्ये प्रत्येक लेव्हलचा एक उभा रकाना असतो आणि रकान्यातल्या एकेका घराला सेल म्हणतात. एक वेतनवाढ म्हणजे त्याच रकान्यात एक घर खाली. ३ टक्के काढून शंभरात पूर्ण करण्याचं काम तक्ता बनवतानाच झालेलं आहे. तुम्ही कॅल्क्युलेटरवर टक्के काढायला बसू नका, फक्त घरं मोजा.

टेक्निशियन-२ ची लेव्हल ४ अशी आहे: २५,५००, २६,३००, २७,१००, २७,९००, २८,७००, २९,६००, ३०,५००, ३१,४००, ३२,३००, ३३,३००, ३४,३००.

टेक्निशियन-१ ची लेव्हल ५ अशी: २९,२००, ३०,१००, ३१,०००, ३१,९००, ३२,९००, ३३,९००, ३४,९००, ३५,९००, ३७,०००.

या दोन ओळी कागदावर एकाखाली एक लिहून ठेवा. पुढचं सगळं यांच्यातच होतं.

३. मूळ नियम: जुन्या लेव्हलमध्ये एक घर, मग नव्या लेव्हलमध्ये तोच आकडा शोधा

समजा तुमचं बेसिक ३०,५०० आहे, डीएनआय १ जुलै २०२४ आहे आणि तुम्ही १२ मार्च २०२४ ला टेक्निशियन-१ म्हणून हजर झालात.

प्रमोशनबद्दलची एक वेतनवाढ जुन्या लेव्हलमध्येच द्यायची. ३०,५०० चे ३१,४०० झाले. हा आकडा फक्त हिशोबापुरता. तो तुमचा पगार कधीच होत नाही. आता लेव्हल ५ मध्ये ३१,४०० शोधा. नाही. ३१,००० आहे आणि ३१,९०० आहे. नेमका आकडा नसेल तर त्याच्या लगेच वरचं घर घ्यायचं, म्हणजे ३१,९००. हेच तुमचं १२ मार्चपासूनचं बेसिक.

इथे दोन चुका सर्रास होतात. पहिली म्हणजे वेतनवाढ नव्या लेव्हलमध्ये देणं. काही जण ३०,५०० वरून थेट लेव्हल ५ मध्ये ३१,००० वर जातात आणि तिथून एक घर पुढे सरकून ३१,९०० काढतात. या उदाहरणात उत्तर योगायोगाने तेच येतं, म्हणून चूक लपून राहते. बेसिक ३२,३०० असतं तर? योग्य रीतीने ३३,३०० होतात आणि लेव्हल ५ मध्ये ३३,९०० मिळतात. चुकीच्या रीतीनेही आधी ३२,९०० आणि मग ३३,९०० असंच येतं. पण दुसऱ्या लेव्हलवर असा मेळ बसेलच असं नाही, म्हणून सवय योग्य रीतीचीच लावा.

दुसरी चूक म्हणजे नेमका आकडा सापडल्यावरही एक घर वर चढणं. याचं उदाहरण लेव्हल ६ आणि ७ मध्ये छान दिसतं. ज्युनियर इंजिनियरचं बेसिक ४७,६०० आहे आणि तो लेव्हल ७ मध्ये गेला. एक वेतनवाढ धरून ४९,००० झाले. लेव्हल ७ मध्ये ४९,००० हे घर आहेच, म्हणून बेसिक ४९,०००. त्याला वाटतं पुढचं घर, म्हणजे ५०,५०० मिळायला हवं होतं. तसं मिळत नाही. लगेच वरचं घर फक्त आकडा न सापडल्यास.

शॉपमधले जुने लोक अजूनही 'ग्रेड पेचा फरक धर' असं सांगतात. ते सहाव्या आयोगाचं गणित होतं. १ जानेवारी २०१६ पासून ग्रेड पे उरलेला नाही.

४. बेसिक नव्या लेव्हलच्या तळालाही पोचत नसेल तर

लेव्हल ४ मध्ये २७,१०० वर असलेल्याला एक वाढ देऊन २७,९०० होतात. लेव्हल ५ ची सुरुवातच २९,२०० पासून आहे, म्हणून त्याला २९,२०० मिळतात. एका फटक्यात २,१०० ची वाढ. अशा माणसाला पुढच्या ऑप्शनच्या भागात फायदा जवळजवळ नसतो, कधी तर तोटा होतो. तो कसा, ते सातव्या भागात येतं.

५. पुढची वेतनवाढ कधी, हे तारखेवरून ठरतं

नवं बेसिक काढून लोक थांबतात, पण अर्धं गणित इथे आहे. केंद्रात वेतनवाढीच्या तारखा दोनच: १ जानेवारी आणि १ जुलै. प्रमोशन २ जानेवारी ते १ जुलै यांच्या दरम्यान झालं असेल, तर पुढची वाढ येत्या १ जानेवारीला. २ जुलै ते १ जानेवारी या काळात झालं असेल, तर येत्या १ जुलैला.

आपल्या उदाहरणात १२ मार्चला प्रमोशन, म्हणजे डीएनआय जुलैवरून जानेवारीवर गेला. १ जानेवारी २०२५ ला ३२,९००, १ जानेवारी २०२६ ला ३३,९००. जुलै २०२४ ची वाढ, जी जुन्या पदावर तीन-चार महिन्यांत मिळणारच होती, ती या वाटेने गेलात तर हातची जाते. त्यासाठीच ऑप्शनची सोय आहे.

६. ऑप्शन: जुलैपर्यंत थांबायचं की लगेच घ्यायचं

नियम तुम्हाला सांगतो, फिक्सेशन म्हणजे नव्या बेसिकची निश्चिती प्रमोशनच्या तारखेपासून घ्या किंवा जुन्या पदाच्या डीएनआयपासून घ्या. दुसरी वाट घेतली तर दोन पायऱ्या होतात.

पहिली पायरी, १२ मार्च ते ३० जून: कोणतीही वाढ न देता फक्त नव्या लेव्हलच्या लगेच वरच्या घरात बसवतात. ३०,५०० च्या वरचं घर ३१,०००. तेवढ्यावर साडेतीन महिने काढायचे.

दुसरी पायरी, १ जुलै: जुन्या लेव्हलमध्ये आता दोन वाढी देतात, एक वार्षिक आणि एक प्रमोशनची. ३०,५०० चे ३१,४०० आणि मग ३२,३००. लेव्हल ५ मध्ये ३२,३०० नाही, म्हणून ३२,९००.

आणि पुढची वाढ? वित्त मंत्रालयाच्या नोव्हेंबर २०१९ च्या खुलाशानुसार असं फिक्सेशन १ जुलैला झालं, तर सहा महिन्यांची सेवा भरली की पहिली वाढ १ जानेवारीला मिळते आणि त्यानंतर दरवर्षी जानेवारीलाच. म्हणजे १ जानेवारी २०२५ ला ३३,९०० आणि २०२६ ला ३४,९००.

आता दोन्ही वाटा शेजारी ठेवा:

- १२ मार्च ते ३० जून २०२४: लगेच घेतलं तर ३१,९००, थांबलात तर ३१,०००.
- जुलै ते डिसेंबर २०२४: लगेच ३१,९००, थांबून ३२,९००.
- २०२५ चं वर्ष: लगेच ३२,९००, थांबून ३३,९००.
- २०२६ चं वर्ष: लगेच ३३,९००, थांबून ३४,९००.

थांबण्याची किंमत बेसिकमध्ये सुमारे ३,२८० रुपये: मार्चचे वीस दिवस आणि पुढचे तीन महिने, दरमहा ९०० प्रमाणे. जुलैपासून दरमहा १,००० जास्त, म्हणजे ऑक्टोबरमध्येच वसूल. नंतर थांबणारा एक घर पुढेच राहतो. शिवाय यावर महागाई भत्ता असतो. जुलै २०२४ चा ५३ टक्के धरला तर १,००० च्या बेसिकमागे १,५३० होतात.

७. थांबणं नेहमीच फायद्याचं नसतं

जानेवारी ते जूनमध्ये प्रमोशन झालेल्याची गोष्ट पाहून सगळेच 'डीएनआय ऑप्शन दे' म्हणतात. प्रमोशन जुलैनंतर झालं असेल तर कागद-पेन्सिल घ्याच.

समजा तोच माणूस १ जुलै २०२४ ची वाढ घेऊन ३१,४०० वर आला आणि प्रमोशन २० सप्टेंबरला मिळालं. लगेच घेतलं तर ३२,३०० वरून ३२,९००, पुढची वाढ १ जुलै २०२५ ला ३३,९००, १ जुलै २०२६ ला ३४,९००. थांबला तर ३० जून २०२५ पर्यंत ३१,९००. मग दोन वाढी धरून ३३,३००, म्हणून १ जुलै २०२५ ला ३३,९००. त्यापुढे सहा महिन्यांनी, १ जानेवारी २०२६ ला ३४,९००.

इथे थांबण्याची किंमत नऊ महिने अकरा दिवसांचे दरमहा हजार, म्हणजे ९,३६७ रुपये. मिळतं काय, तर दरवर्षी जानेवारी ते जून एवढेच सहा महिने एक घर पुढे, म्हणजे वर्षाला ६,०००. जुलै ते डिसेंबर दोघांचं बेसिक सारखंच. वसुलीला एप्रिल २०२७ उजाडतो. दहा-पंधरा वर्षं नोकरी शिल्लक असेल तर थांबणं परवडतं. पण कोणी डिसेंबर २०२६ ला रिटायर होत असेल, तर त्याचं शेवटचं बेसिक दोन्ही वाटांनी ३४,९०० च येतं. त्याने लगेच घेतलेलं बरं. रिटायरमेंट एप्रिलात असेल तर चित्र उलटं, कारण पेन्शनच्या हिशोबाला शेवटचं बेसिक एक घर वरचं मिळतं. आपला रिटायरमेंटचा महिना या गणितात धरणारे फार थोडे भेटतात.

आता चौथ्या भागातला माणूस घ्या, बेसिक २७,१००, प्रमोशन २० सप्टेंबर २०२४. लगेच घेतलं तर २९,२०० आणि १ जुलै २०२५ ला ३०,१००. थांबला तर आत्ताही २९,२००, आणि १ जुलै २०२५ ला दोन वाढी धरून २८,७०० च होतात, म्हणून पुन्हा २९,२००. पुढची वाढ जानेवारी २०२६. सहा महिन्यांचे दरमहा ९०० गेले, बदल्यात काहीच मिळालं नाही. दोन वाढी देऊनही नव्या लेव्हलचा तळ ओलांडला जात नसेल, तर थांबण्यात अर्थ नाही.

८. ऑप्शन लेखी द्या, महिन्याच्या आत

मुदत प्रमोशनच्या तारखेपासून एक महिना. काहीच दिलं नाही तर प्रमोशनच्या तारखेपासून फिक्सेशन होतं. एकदा दिलेला ऑप्शन बदलता येत नाही, म्हणून आधी गणित आणि मग सही. फॉर्म नसेल तर साधा अर्ज चालतो. मजकूर एवढा पुरे:

'दि. १२ मार्च २०२४ रोजी टेक्निशियन-१ (लेव्हल ५) या पदावर हजर झालो आहे. नियम १३१३ नुसार माझं वेतन लेव्हल ४ मधील माझ्या पुढील वेतनवाढीच्या दिनांकापासून, म्हणजे दि. १ जुलै २०२४ पासून निश्चित करावं, असा विकल्प देत आहे.'

दोन प्रती काढा आणि एका प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन ती घरी ठेवा. 'सांगितलंय साहेबांना' हा पुरावा होत नाही. ऑर्डर उशिरा हातात आली असेल तर ती मिळाल्याची तारीखही अर्जात लिहा.

९. फिक्सेशन मेमो आणि पहिल्या तीन पे स्लिप तपासा

पर्सनल ब्रांच मेमो काढते, लेखा विभाग तो तपासतो आणि मग बेसिक बदलतं. मेमोची प्रत मागून घ्या. त्यात बघायच्या गोष्टी थोड्याच: हजर झाल्याची तारीख, जुनं बेसिक, मधला हिशोबाचा आकडा, नवं घर आणि पुढचा डीएनआय. नवा आकडा नव्या लेव्हलच्या रकान्यात हवाच. लेव्हल ५ लिहून बेसिक ३१,४०० दाखवलं असेल तर मेमो अर्धवट आहे, कारण ते घर लेव्हल ५ मध्ये नाहीच. वाढ दिली आणि वरच्या घरात न्यायचं राहून गेलं.

डीएनआयपर्यंत थांबण्याचा ऑप्शन दिलेल्यांनी ऑगस्टमध्ये जुलैची पे स्लिप नीट पाहावी. सिस्टिममध्ये साधी वार्षिक वाढ पडते आणि बेसिक ३१,००० वरून ३१,९०० होतं, फिक्सेशन मात्र झालेलंच नसतं. आकडा वाढलेला दिसतो म्हणून कोणी तक्रार करत नाही. तुमच्या कागदावर ३२,९०० असेल आणि स्लिपवर ३१,९००, तर हीच भानगड आहे. तिसरी तपासणी जानेवारीच्या स्लिपवर, कारण डीएनआय जुलैच राहिला असेल तर सहा महिन्यांची वाढ पडत नाही. मधे बिनपगारी रजा झाली असेल तर सहा महिन्यांची सेवा भरत नाही आणि वाढ पुढे जाते, हेही लक्षात असू द्या.

१०. आकडा चुकला तर

कमी पडला असेल तर अर्जात तक्रारीची भाषा नको, गणित लिहा. जुनं बेसिक, दोन वाढी, लेव्हल ५ मधलं घर, नियम क्रमांक, ऑप्शनच्या प्रतीची झेरॉक्स. अर्ध्या पानाचा असा अर्ज बिल क्लार्कला सोयीचा पडतो, कारण त्यालाही लेखा विभागाला तेवढंच दाखवायचं असतं. थकबाकी आली की ती कोणत्या महिन्यापासून काढली आहे हे पाहा. महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता यांचाही फरक तिच्यात असतो.

जास्त पडला असेल तरी गप्प बसू नका. रिटायरमेंटच्या आधी सर्व्हिस रेकॉर्डची तपासणी होते, तेव्हा जुनं फिक्सेशन उघडलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या रफिक मसीह प्रकरणात क आणि ड वर्गातल्या कर्मचाऱ्यांकडून, तसंच रिटायर झालेल्यांकडून किंवा वर्षभरात होणाऱ्यांकडून अशी वसुली करू नये असं म्हटलं आहे. त्याने वसुली थांबू शकते, पण बेसिक दुरुस्त होऊन खाली येतंच आणि पेन्शन त्या खालच्या आकड्यावर बसते. शिवाय जास्त पैसे पडत असल्याचं तुम्हाला माहीत होतं असं दिसलं, तर त्या निकालाचा आधार कमकुवत होतो. तीन महिन्यांत लेखी कळवलंत, तर शे-पाचशेच्या हप्त्यांत विषय संपतो.